अष्टमातला गुरू

राग आला की मी आधी चष्मा काढून ठेवते. समोरच्याचं तोंड नीट दिसलं नाही तर जीभ जरा ताब्यात राहते, असा माझा अनुभव. त्या दिवशी शिरड शहापूरचे सोनाजी माझ्यासमोर बसून बोलत होते आणि पाच मिनिटांत माझा चष्मा टेबलावर होता.

मी सरोजिनी. वसमतला एका शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली आणि त्या सगळ्या काळात वडिलांकडून शिकलेलं ज्योतिष चालू ठेवलं. निवृत्तीनंतर तेवढंच राहिलं. सोनाजींची कोमल आमच्याच शाळेत शिकली. फॉर्मवर सही करायला बाप शेतातून चिखलाच्या पायांनी यायचा, म्हणून तो मला लक्षात राहिला. आता तीच कोमल कृषी विद्यापीठात हळदीच्या कंदकुजीवर पीएचडी करते. जमिनीखाली कंद का सडतो, कोणत्या बुरशीनं सडतो, हे शोधत फिरते. पोरीचं लग्न ठरत आलं होतं आणि बाप दोघांच्या पत्रिका घेऊन माझ्याकडे आला होता.

"बाई, मुलगा चांगला हाय. श्रेयस नाव. आखाडा बाळापूरचे विश्वंभरराव, त्यांचा थोरला. बँकेत हाय. फकत एकच हाय, की विहिरीजवळचं दोन एकर पोराच्या नावानं करून द्यायचं. सोमवारी रजिस्ट्रीची येळ घेतली."

"काहून?" मी विचारलं. चिडले की माझ्याही तोंडी गावचीच बोली येते.

"तसं पत्रिकेतच हाय म्हणे." त्यांनी घडी घातलेला रंगीत कागद पुढं सरकवला. "पोराच्या आठव्या घरात गुरू हाय. सासरचं धन मिळनार असं लिव्हलेलंच हाय. न्हाई दिलं तर ग्रहाच्या इरुद्ध गेल्यावानी होतं, अन् त्याचा तरास पोरीला. आन कोमलच्या आठव्यात केतू हाय, त्यानं नवऱ्याला घात. म्हणून तिनं ते शोधाबिधाचं शिक्षण सोडावं, घरात बसावं. असं बंडू गुरुजी सांगून राहिले."

बंडू गुरुजी म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. चष्मा तेव्हाच निघाला.

हुंडा मागायचा तर माणसानं निदान स्वतःच्या तोंडानं मागावा. तेवढीही लाज-हिंमत नसलेले लोक ग्रहांच्या तोंडून मागतात. आणि ग्रहांना बोलायला लावणारा आमच्याच घरातला! वडिलांनी चाळीस वर्षं ज्या पाटावर बसून लोकांना दिलासा दिला, त्या पाटावर बसून हा दलाली करत होता.

मी सोनाजींना पाणी दिलं आणि अष्टमस्थान म्हणजे काय ते त्यांना समजेल असं सांगितलं. पत्रिकेतली बारा घरं. सातवं जोडीदाराचं. दुसरं घर धनाचं आणि कुटुंबाचं. आता जोडीदाराच्या घरापासून दुसरं मोजलं तर येतं आठवं. म्हणून आठव्यावरून जोडीदाराचं धन आणि सासरची स्थिती पाहतात. तेच आठवं मृत्यूचं, म्हणजे आयुष्य किती ते तिथून, आणि कुणाच्या तरी जाण्यानं जे हाती येतं ते, म्हणजे वारसाही तिथूनच. तेच अचानक उलथापालथीचं. आणि तेच दडलेल्याचं. जे वरून दिसत नाही, जे खणून काढावं लागतं, ते सगळं आठव्यात. म्हणून संशोधन तिथूनच पाहतात.

"तुमच्या कोमलच्या आठव्यात केतू एकटा नाही, सोनाजी. बुध आहे सोबत. बुध म्हणजे बुद्धी, केतू म्हणजे खोल जाणं. मातीखालचं सडकं शोधणारी पोर आहे ती. याहून बरोबर आठवं घर मी पाहिलेलं नाही. आणि नवऱ्याचं आयुष्य बायकोच्या एका घरातल्या एका ग्रहावर ठरवणारा माणूस एकतर शिकलेला नाही, नाहीतर लबाड आहे. घर पाहायचं, घराचा मालक कुठं बसलाय ते पाहायचं, त्यावर कुणाची नजर ते पाहायचं, मग त्या गोष्टीचा कारक ग्रह, आणि शेवटी दशा, म्हणजे त्या ग्रहाचा काळ. दशा आल्याशिवाय पत्रिकेतलं काहीच घडत नाही."

"आन पोराचा गुरू?"

इथं मला थांबावं लागलं. चष्मा लावून कागद पुन्हा पाहिला. कारण कागदात दम होता. वृषभ लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवती रास वृषभ आणि तेच पहिलं घर; तिथून आठवी धनू रास, तिच्यात गुरू स्वतःच्या घरात. शिवाय वृषभेला गुरू आठव्याचाही मालक आणि अकराव्या लाभस्थानाचाही. सासरच्या धनाचा लाभ, हे वाक्य बंडूनं हवेतून काढलेलं नव्हतं. विद्यार्थ्यानं परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर मीसुद्धा मार्क दिले असते.

"सासर खाऊनपिऊन सुखी मिळेल, एवढंच हा गुरू सांगतो," मी म्हणाले. "सासऱ्याची जमीन लिहून घ्या असं सांगत नाही."

सोनाजींनी मान हलवली, पण डोळ्यांत पटल्याचं दिसलं नाही. देवभोळा माणूस. त्यांच्या लेखी ग्रह म्हणजे हवामान. पाऊस येणार म्हटलं की कणगी झाकायची, पावसाशी भांडायचं नाही. विहिरीजवळचं दोन एकर म्हणजे त्यांची एकुलती बागायत. बाकीचं कोरडवाहू. तीच जमीन कोमलच्या प्रयोगाची. निरोगी आणि सडके कंद शेजारी शेजारी लावून ती तीन वर्षं नोंदी ठेवत होती. जमीन गेली की शिक्षणही गेलं, वेगळं सोडायला सांगायची गरजच नव्हती.

कागद परत देताना माझी नजर खाली गेली. तळाशी छापलं होतं: सरोजिनी, वसमत. पत्रिका माझ्याच संगणकावरची होती. पाच वर्षांपूर्वी विश्वंभरराव येऊन घेऊन गेलेली.

सोनाजी गेल्यावर मी दार लोटलं. मग लोखंडी पेटी उघडली.

त्या पेटीचीही एक गोष्ट आहे. वडील गेले तेव्हा आमचं आखाडा बाळापूरचं घर, परड्यातली जागा, सगळं दोघांचं होतं. बंडू माझी पत्रिका मांडून म्हणाला होता, "ताई, तुझं अष्टम रिकामं आहे. वडिलार्जित तुला लाभत नाही. उगाच तकलीफ होईल." आणि मी, ज्योतिष जाणणारी मी, भावाचा चेहरा पाहून हक्कसोडीवर सही केली. रिकामं घर म्हणजे काहीच नाही असं नसतं, मालक पाहावा लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी केली. भांडण नको म्हणून बायका ज्या सह्या करतात त्यांचा एकदा कुणीतरी ढीग घालून दाखवावा. त्या वाटणीत माझ्याकडे आल्या त्या वडिलांच्या जुन्या नोंदवह्या. बंडूला त्यांचं वजन नको होतं. रद्दीत किलोला काय मिळालं असतं?

वडील प्रत्येक जन्माची नोंद स्वतःच्या वहीत ठेवायचे. शके १९१८ ची वही सापडायला तास गेला. बाळापूर, विश्वंभर यांस पुत्र. श्रावण शुद्ध पौर्णिमा, बुधवार, रात्री बारा बावन्न. सूर्योदयापासून ४६ घटी ५५ पळे. आणि पुढं वडिलांच्या तिरक्या अक्षरात: लग्न मिथुन.

मिथुन! माझ्या कागदावर वृषभ होतं.

मी संगणक लावला. २८ ऑगस्ट १९९६, रात्री बारा बावन्न. वृषभ लग्न, पण अगदी शेवटच्या अंशात, राशीच्या कडेवर. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्याकडं पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. बुधवारी मध्यरात्र उलटून गेली तरी उजाडेपर्यंत बुधवारच. विश्वंभरराव मला म्हणाले होते, राखी पुनव, बुधवार, रात्री बारा बावन्न. मी कॅलेंडर पाहिलं, राखी पौर्णिमेचा बुधवार म्हणजे अठ्ठावीस तारीख, तीच टाकली. संगणकाची तारीख मात्र मध्यरात्रीच बदलते. त्यामुळं मी पोराला चक्क एक दिवस आधी जन्माला घातलं. खरी तारीख एकोणतीस. वडिलांनी घटी मोजल्या त्या बुधवारच्या सूर्योदयापासून, म्हणून ते बरोबर पोचले. तीस वर्षं जन्मतारखांचं रजिस्टर सांभाळलेली मी, आणि पहिल्या धड्यातली चूक.

एकोणतीस टाकली. एका दिवसानं त्याच वेळचं लग्न साधारण एक अंश पुढं सरकतं. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण इथं लग्न कडेवर होतं. वृषभेचं मिथुन झालं. लग्न एक रास पुढं म्हणजे ग्रहांची सगळी घरं एकानं मागं. धनूतला गुरू आठव्यातून सातव्यात आला. आठवी आली मकर, रिकामी, तिचा मालक शनी दहाव्यात, कर्माच्या घरात. सासरचं आयतं काही नाही. उशिरा मिळेल, कष्टानं मिळेल, स्वतःच्या कामातून. चंद्राचं नक्षत्रही धनिष्ठेचं शततारका झालं. आणि वृषभ लग्नाला दुसऱ्या घरात असलेला मंगळ आता सरळ लग्नी, म्हणजे पहिल्या घरात.

गुपचूप राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगते, तसा विचार आलाही. वसमतमध्ये माझ्या नावावर लोक डोळे झाकून पत्रिका जुळवतात. चूक कबूल केली की उद्यापासून प्रत्येक जण आपला कागद तपासून घ्यायला येणार, आणि निम्मे येणारच नाहीत. पण दोन एकर माझ्या एका आकड्यावर जाणार होतं. रविवारी सकाळी वही पिशवीत घातली आणि शिरड शहापूरची एसटी धरली.

बैठक सोनाजींच्या ओसरीवर होती. विश्वंभरराव पांढऱ्या सदऱ्यात, त्यांच्या पत्नी पार्वतीबाई, मुलगा श्रेयस मोबाइल उलटा ठेवून, आणि मधोमध बंडू. मला पाहून तो उठलासुद्धा नाही.

"ताई, तुला कुणी बोलावलं?"

"माझ्या कागदानं," मी म्हणाले आणि बसले. कोमल दाराशी उभी होती. तिच्या बोटांना हळदीचा पिवळा रंग होता. तिच्याकडं पाहून मला बोलायचं धैर्य आलं.

मी एकेक करून सगळं सांगितलं. चूक माझी, हे पहिल्याच वाक्यात. वही उघडून समोर ठेवली.

बंडू हसला. "संगणक चुकला अन् म्हाताऱ्याची वही खरी? ताई, तू आता घरी आराम कर."

"पार्वतीबाई," मी त्याच्याकडं न बघता विचारलं, "पोरगं झालं तेव्हा राखी बांधून झाली होती की व्हायची होती?"

त्या बाईला इतक्या वर्षांत त्या रात्रीबद्दल कुणी काही विचारलं नसावं. तिचा चेहराच उजळला.

"झालती की! भाऊ आलता. राखी बांधली, पुरनाची जेवनं झाली, आन मंग कळा चालू झाल्या. माझा भाऊच हातात राखी तशीच ठिवून अंधारात दाईला आनाया गेलता. उजाडायच्या आत झालं लेकरू."

"म्हणजे राखीनंतरची रात्र. माझ्या छापील कागदाप्रमाणं तुमचा मुलगा राखीच्या आदल्या रात्री जन्मला. म्हणजे तुम्ही राखी बांधलीत तेव्हा तो तुमच्या कुशीत असायला हवा होता."

"न्हाई बाई, पोटात व्हता," पार्वतीबाई ठासून म्हणाल्या.

सोनाजी हात जोडून वहीकडं बघत होते. "मंजे गुरू आठव्यात न्हाईच?"

"नाही. सातव्यात आहे. आठवं रिकामं. त्याचा मालक शनी कामाच्या घरात. पोरगा आपल्या नोकरीवर कमावेल. सासरच्या जमिनीचा तिथं काही संबंध नाही."

मला वाटलं, झालं. एक दिवसाचा फरक, एक अंशाचा फरक, आणि माणसं निदान ओशाळतील. अजूनही मला असं वाटतं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

विश्वंभररावांनी घसा साफ केला. "बरं, गुरू सातव्यात. सातवं मंजे बायको. बायकोच्या घरचंच झालं की ते. फरक काय पडला?"

आणि बंडू लगेच पुढं सरसावला. "उलट जास्त पक्कं झालं. मंगळ आता लग्नी आला ना! लग्नीच्या मंगळाची आठवी दृष्टी बराबर अष्टमावर. मंगळ भूमीचा कारक. याची शांती म्हणजे भूमीच द्यावी लागते. दोन एकर तर हवंच. त्याच्याबिगर पोरीला सुख न्हाई."

शास्त्र म्हणून त्यातला एक शब्द चूक नव्हता. लग्नीच्या मंगळाची नजर आठव्यावर पडतेच, मंगळ भूमीचा कारक आहेच. शेवटचं वाक्य तेवढं त्यानं स्वतःच्या खिशातून घातलं होतं. माझ्या वडिलांनी शिकवलेलं सगळं त्याला येत होतं. ते अज्ञान असतं तर मी भावाला माफ केलं असतं.

"याला कायद्यात हुंडा म्हणतात, बंडू," मी ओरडले. "आणि शास्त्रात काय म्हणतात ते बाबा असते तर त्यांनी पायातली काढून सांगितलं असतं!"

"आवाज कमी करा बाई," विश्वंभरराव म्हणाले. "खोटी पत्रिका छापून देता आन वर तोंड करून बोलता. चोराच्या उलट्या बोंबा. सगळ्या वसमतला सांगतो मी."

"सांगा. मीच पाटी लावते दारावर."

तेवढ्यात सोनाजी उठले. हळू उठले, गुडघ्यावर हात टेकून. मला वाटलं पाणी आणायला निघाले. ते वहीपाशी आले, वाकले, वहीच्या पानाला हात लावून नमस्कार केला आणि विश्वंभररावांकडं वळले.

"मला ग्रहाचं काई कळत न्हाई. पत्रिकेत हाय म्हणले, म्या हो म्हणलं. देवानं लिव्हलं तर देऊन टाकू. आता गुरू हलला, मंगळ हलला, लगीन राशीचं हाललं. सगळं आभाळ हाललं. फकत माझं दोन एकर तेवढं तुमच्या तोंडातून हालंना." त्यांनी पुन्हा वहीकडं पाहिलं. "मंजे ते आभाळात नव्हतंच. तुमच्याच मनात व्हतं."

कोमल पुढं आली आणि श्रेयससमोर उभी राहिली.

"तुमाला काय वाटतं?" तिनं विचारलं. "तुमचं."

श्रेयसनं बापाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. त्याचं उत्तर ते पाहणंच होतं. कोमलनं मान हलवली, समोरची चहाची ताटली उचलली आणि आत गेली.

पार्वतीबाई जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि विश्वंभररावांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "त्या वहीत माझं नाव हाय का हो?" मी पाहिलं. पुत्राच्या नोंदीत बापाचं नाव होतं, आईचं नव्हतं. वडिलांवरही मला तेव्हा राग आला. मी पेन काढलं आणि तिच्यासमोर लिहिलं.

बंडू शेवटी उरला. पाहुण्यांची गाडी गेल्यावर मऊ झाला. "ताई, त्या वह्या माझ्याकडं दे. बाळापुरात लोक जुन्या नोंदी विचारत येतात. तुला काय उपयोग?"

"तूच सांगितलं होतंस ना, वडिलार्जित मला लाभत नाही? मग हे जे लाभलंय ते राहू दे." वही पिशवीत घातली आणि पिशवी काखेत धरली. मला त्याला आणखी बरंच ऐकवायचं होतं, ते एसटीत बसल्यावर एकेक आठवत गेलं.

निघताना मी सोनाजींची माफी मागितली. माझ्या एका तारखेनं त्यांचं शेत जात होतं. ते काहीतरी पुटपुटले, मग म्हणाले, "बाई, सोमवारी मोकळ्या हाव का? साक्षीदार लागतो."

"कशाला? मोडलं ना सगळं?"

"लगीन मोडलं. रजिस्ट्रीची येळ तर घेतलेली हाय." त्यांनी मागं पाहिलं. कोमल पुन्हा बाहेर येऊन ओसरीच्या कडेला बसून कुजलेला कंद चाकूनं मधोमध कापत होती. "कागद तयारच हाय. फकत नाव बदलायचं. माझ्या हयातीतच पोरीच्या नावानं करून टाकतो. माझ्या मरनानंतर तिला कुनी आठवं घर दाखवाया नको."

सोमवारी मी पहिल्या एसटीनं गेले. सही करताना चष्मा लावला होता.